तोंडात तीन बोटं जातात का?

दुखणं आणि त्यापुढचं : लेखांक १४

गेल्या आठवड्यात नाक झालं, आता घसा. तोही सगळा नाही. आवंढा गिळताना जी कळ येते, तिच्यापुरतंच आज बोलू. त्या कळीमागे बहुतेक वेळा विषाणू असतो, काही वेळा जिवाणू असतो, आणि क्वचित टॉन्सिलमागे साठलेला पू असतो. हे तिन्ही आजार पहिल्या दिवशी जवळपास सारखेच दिसतात.

दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून एक मुलगा उभा करतो. वय २३, चाकणला कारखान्यात शिफ्टमध्ये काम, राहायला मावशीकडे. रविवारी संध्याकाळी त्याचा घसा खवखवला आणि रात्री थंडी वाजून १०२ ताप भरला. सोमवारी सकाळी चहाचा घोटही डोळे मिटून घ्यावा लागला. त्याच घरात ११ वर्षांच्या मावसबहिणीचाही घसा दुखत होता. तिचं नाक गळत होतं, खोकल्याची ढास लागली होती, आवाज बसला होता, डोळे लालसर झाले होते आणि ताप १००च्या आसपास होता. मावशीचा तर्क सरळ होता: हिचंच त्याला लागलं.

तसं असेलच असं नाही. मुलीचं चित्र विषाणूचं आहे. नाक, डोळे, आवाज आणि खोकला हे सगळे एकदम बिघडले, की विषाणूचा संशय बळावतो, कारण हे विषाणू सगळ्या श्वसनमार्गाच्या अस्तरावर पसरतात. तोंडात फोड आले किंवा जुलाब लागले तरी पारडं तिकडेच झुकतं. स्ट्रेप्टोकोकस हा घशाचा नेहमीचा जिवाणू मात्र बहुधा टॉन्सिललाच धरून बसतो. नाक कोरडं, खोकला नाही, पण घसा पेटलेला आणि ताप चढलेला, हा त्याचा नमुना.

१९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून चार खुणांचा हिशेब मांडला. ताप, खोकला नसणं, टॉन्सिलवर पांढरट पू, आणि जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. प्रत्येकीचा एक गुण. पुढे त्यात वय आलं: ३ ते १४ वर्षांच्या मुलांना एक गुण जास्त, ४५च्या पुढे एक कमी. मुलीला वयाचा एक गुण मिळतो, बाकी शून्य. तिला गुळण्या, पॅरासिटामॉल आणि आराम पुरे. मुलाला चारही गुण मिळतात.

आणि इथेच घाई होते. चारपैकी चार गुण मिळालेल्यांतही साधारण निम्म्यांच्याच घशात स्ट्रेप्टोकोकस सापडतो. म्हणजे हा हिशेब 'जिवाणू नाही' हे सांगायला चांगला आणि 'जिवाणू आहे' हे सांगायला लंगडा आहे. पांढरे ठिपके दिसले की लोक हमखास अँटिबायोटिक मागतात. पण काही विषाणूही टॉन्सिलवर असाच पांढरा थर आणतात. ग्रंथिज्वर हा त्यातला नमुनेदार आजार. तो तरुणांत होतो, त्यात मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात आणि थकवा कित्येक आठवडे हटत नाही. अशा रुग्णाला अमोक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. मग त्याच्या कागदावर 'पेनिसिलिनची अॅलर्जी' असा शिक्का बसतो, जो बऱ्याचदा खोटा असतो.

खात्री करायची तर घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घ्यावा लागतो. झटपट चाचणी काही मिनिटांत उत्तर देते, कल्चरला एक-दोन दिवस लागतात. आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत झटपट चाचणी सहसा नसते, हे मान्य. पण थांबायला वेळ असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप येऊ शकतो. आपल्या देशात तो अजून संपलेला नाही, म्हणून जिवाणूचा घसा सापडला तर औषध द्यायलाच हवं. मात्र घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा अमोक्सिसिलिन सुरू झालं तरी हा धोका टळतो. कल्चरची वाट पाहण्यात दोन दिवस गेले म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते १० दिवसांचं औषध तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडल्याने.

आपला मुलगा चाचणीलाही गेला नाही आणि डॉक्टरकडेही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्याने अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी आणली. रोज एक, तीन दिवस. हा आपल्याकडचा सर्रास उपाय. मंगळवारी ताप थोडा उतरला आणि बुधवारी तो कामावर गेला.

गुरुवारी दुखणं परतलं, पण वेगळ्या तऱ्हेने. आता घसा फक्त उजव्या बाजूला दुखत होता. उजव्या कानातही ठणका सुरू झाला, म्हणून मेडिकलवाल्याने कानात घालायचे थेंब दिले. कानाला काहीच झालेलं नव्हतं. टॉन्सिलच्या भागाची संवेदना ज्या मज्जातंतूतून जाते, त्याचीच एक फांदी कानाच्या मध्यभागापर्यंत जाते, त्यामुळे घशातलं दुखणं कानात जाणवतं. रात्री तो वरण-भात घेऊन बसला, तर चमचा दातांच्या आत जाईना. शुक्रवारी सकाळी मावशी त्याला घेऊन आली तेव्हा त्याच्या हातात नॅपकिन होता. थुंकी गिळवत नव्हती, म्हणून तो ती नॅपकिनमध्ये टिपत होता.

"कधीपासून तोंड उघडत नाही रे?"

"कालपासून, डॉक्टर," तो म्हणाला. आवाज मात्र तोंडात गरम बटाटेवड्याचा घास धरून बोलावं तसा. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. बसलेला आवाज घोगरा असतो. हा घोगरा नव्हता, जाड आणि अडखळता होता, कारण टाळूचा मागचा मऊ भाग सुजून हलेनासा झाला होता.

त्याला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितलं. निरोगी माणसाची सहसा जातात. त्याचं एकच गेलं. टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला, अगदी लागून, जबडा मिटणारा एक स्नायू आहे. पू त्याच्याजवळ पोचला की तो आखडतो. साध्या टॉन्सिलच्या सुजेत, अगदी दोन्ही टॉन्सिल एकमेकांना टेकले तरी, तोंड बऱ्यापैकी उघडतं. म्हणून गिळताना दुखणाऱ्या घशात तोंड उघडेनासं होणं ही माझ्या मते सगळ्यात मोलाची खूण आहे. ती घरात, कुठल्याही यंत्राशिवाय तपासता येते.

जेवढं उघडलं तेवढ्यातून टॉर्च मारला. उजव्या टॉन्सिलच्या वरच्या बाजूला टाळूचा भाग फुगून पुढे आला होता, लालभडक आणि ताणलेला. पडजीभ मध्यभागी नव्हती, ढकलली जाऊन डावीकडे वळली होती. पडजीभ ज्या बाजूला वळते, पू त्याच्या विरुद्ध बाजूला असतो. टॉन्सिलचं आवरण आणि त्यामागचा घशाचा स्नायू यांच्यामधल्या फटीत साठलेलं हे गळू. ते किशोरवयीन आणि तरुण मुलांत जास्त दिसतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचं प्रमाण अधिक आढळतं.

"अँटिबायोटिक तर घेतलं होतं की," मावशी म्हणाली. घेतलं होतं, पण औषध चालू असतानाही गळू होऊ शकतं. शिवाय या गळवात स्ट्रेप्टोकोकसबरोबर बऱ्याचदा हवेशिवाय वाढणारे जिवाणू असतात आणि त्यांच्यापैकी एका महत्त्वाच्या जातीवर अॅझिथ्रोमायसिनचा फारसा परिणाम होत नाही. एकदा पू भरला की मग गोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही, पू बाहेर काढावाच लागतो. तरीही फुगवटा दिसला म्हणजे पू असेलच असंही नाही. आधी नुसती सूज असते, मग त्यात पू धरतो, आणि मधल्या अवस्थेत सोनोग्राफी किंवा सुई घालूनच उलगडा होतो.

त्याला त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या सर्जनकडे पाठवलं. जागा बधिर करून त्यांनी फुगवट्याच्या सर्वांत वर आलेल्या ठिकाणी जाड सुई घातली. सुईच्या टोपणाचं टोक कापून ते सुईवर परत बसवतात, म्हणजे साधारण १ सेंटिमीटरच सुई उघडी राहते आणि त्याहून खोल जाऊ शकत नाही. कारण टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते. सिरिंजमध्ये पाच-सहा मिलिलिटर दुर्गंधी येणारा पू आला. काही मिनिटांतच मुलाने आवंढा गिळला. रात्रभर शिरेतून औषध आणि सलाइन, दुसऱ्या दिवशी अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटच्या गोळ्या देऊन घरी. काही जणांत पू पुन्हा भरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी घसा परत बघणं आवश्यक असतं.

हे गळू तसं सभ्य. ते समोर दिसतं आणि हाताला लागतं. त्याहून खोलवरची गळवं जास्त धोक्याची. लहान मूल लाळ गाळतंय, मान वळवायला किंवा वर करायला तयार नाही, तर घशाच्या मागच्या भिंतीत पू असू शकतो. खालची दाढ दुखल्यानंतर जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलली गेली, तर सूज काही तासांत श्वास अडवू शकते. श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, माणूस आडवा पडू शकत नाही, पुढे वाकून बसतो, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावं. अशा रुग्णाच्या घशात चमचा घालून पाहू नये, त्याला झोपवू नये. तो जसा बसलाय तसाच त्याला न्यावा. घशात राखाडी, ओढली तर रक्त येणारा पडदा दिसला आणि लसी अपुऱ्या असतील, तर घटसर्पाचा विचार त्याच क्षणी व्हायला हवा.

जाताना मावशीने विचारलं, "मग टॉन्सिल काढूनच टाकायचे का?" पहिल्याच गळवानंतर सहसा नाही. बहुतेकांना ते पुन्हा होत नाही. पण ज्याला आधीपासून वर्षातून अनेकदा टॉन्सिलचा त्रास होतो, किंवा ज्याला दुसऱ्यांदा गळू झालं, त्याने सर्जनशी त्याबद्दल जरूर बोलावं. या मुलाचं हे पहिलंच गळू. तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा बोलावलंय, तोपर्यंत त्याची सिगारेट बंद आहे, निदान मावशीसमोर तरी.

पुढच्या लेखांकात बसलेला आवाज, आणि तो तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही तर काय बघायचं ते.