आजीची भाजणी काट्यावर

चकलीच्या भाजणीचं प्रमाण बहुतेक घरांत तोंडपाठ असतं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, मूठभर पोहे, धणे आणि जिरे. या गोष्टीतल्या नातीलाही ते पाठ होतं. तरीही बेंगळुरूच्या घरी तिच्या चकल्या कडक व्हायच्या आणि साताऱ्याला आजीच्या त्याच प्रमाणाच्या चकल्या दाताखाली खुसखुशीत मोडायच्या. म्हणून या दिवाळीआधी ती सुट्टी काढून आली, ती पाच किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा बॅगेत घालूनच.

आजीला काही बदलायला सांगायचं नाही, हे तिनं आधीच ठरवलं होतं. माणूस मापाकडे लक्ष देऊ लागला की हात सावध होतो आणि नेहमीपेक्षा कमी-जास्त घेतो. म्हणून तिनं आजीच्या हातातलं तोलण्याऐवजी डबा तोलला. तांदळाचा डबा काट्यावर ठेवायचा आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. आजीनं हवे तेवढे तांदूळ काढले की काटा उणे आकडा दाखवतो. तेवढे तांदूळ परातीत गेले. आजीचं काम कुठेच थांबत नाही.

पहिलाच आकडा उणे 196 आला. आजीची रोजची आमटीची वाटी पाण्यानं काठोकाठ भरून नातीनं आधीच तोलली होती, तिच्यात 200 ग्रॅम, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी मावत होतं. अशा वाटीत सपाट भरले तर साधारण 168 ग्रॅम तांदूळ बसतात. वरचे 28 ग्रॅम म्हणजे शीग. हरभऱ्याची डाळही आजीनं शिगोशीग घेतली, दोन वाट्यांची मिळून 380 ग्रॅम. उडीद डाळीच्या वेळी मात्र तिनं वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. आकडा आला 170.

“आजी, ही सपाट का घेतलीस?”

“उडीद बेतानंच घ्यायचा गं. जास्त झाला की चकली दगड होते.”

“मग फोनवर सांगितलं का नाहीस?”

“एक वाटीच सांगितली की! तांदळाची वाटी भरून, उडदाची एक वाटी.”

मला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एवढ्यासाठी. सगळा फरक त्या ‘भरून’मध्ये होता. आजीचे तांदूळ 785 ग्रॅम होते आणि उडीद 170. म्हणजे तांदूळ उडदाच्या साडेचार पटींहून जास्त. नात बेंगळुरूला सगळं सपाट मोजत होती, त्यामुळे तिथे ते चौपटही भरत नव्हते. आजीनं काहीच लपवलं नव्हतं. आपल्याकडे धान्य मोजायचं ते मापानं. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आणि मापावर शीग धरायची की सपाट मोजायचं हे ज्याचं त्याला ठाऊक असे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं 1970 साली वाटी-चमच्याचं नेमकं प्रमाण घरोघरी नेलं. ते मोठंच काम होतं, पण वाटी कुणाची आणि कशी भरलेली, हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात उरतोच.

जिरे आठ ग्रॅम, धणे अठरा, पोहे चाळीस. हिंगाच्या चिमटीला काटा हललाच नाही. घरगुती काटा एका ग्रॅमच्या आतलं सांगत नाही. मग आजीनं दहा चिमटी एका वाटीत टाकल्या, त्या तीन ग्रॅम भरल्या. एका चिमटीला 0.3 ग्रॅम.

तांदूळ धुऊन, निथळून, सावलीत फडक्यावर पसरले. संध्याकाळी ते हाताला कोरडे लागत होते, तरी काट्यावर 785चे 830 झाले होते. हे 45 ग्रॅम पाणी भाजताना जायला हवं. आजीनं मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजला. तांदूळ हलके होऊन कढईत खळखळ वाजू लागेपर्यंत, डाळी वास सुटून जरा तांबूस होईपर्यंत. सगळं मिळून कोरडं वजन 1,486 ग्रॅम होतं, भाजून गार झाल्यावर 1,380 भरलं. धुताना शिरलेलं पाणी तर गेलंच, धान्यात मुळात असलेला ओलावाही बराचसा गेला. हा आकडा नातीला फार उपयोगाचा. डाळ किती तांबूस झाली हे फोनवर दाखवता येत नाही, पण भाजणी साधारण सात टक्क्यांनी हलकी झाली का, हे बेंगळुरूलाही तपासता येतं. फक्त मोठ्या आचेवर घाईनं भाजून तेच वजन गाठलं, तर डाळ वरून करपते आणि आतून कच्ची राहते. तेव्हा नाक आणि आच दोन्हीकडे लक्ष हवंच.

दुसऱ्या दिवशी दळून आणलेल्या पिठाच्या तीन वाट्या आजीनं दाबून घेतल्या. त्या 390 ग्रॅम झाल्या. तेच पीठ चाळून हलक्या हातानं भरलं, तर वाटीत जेमतेम 100 ग्रॅम बसतं. तीन वाट्यांत 90 ग्रॅमचा फरक. पातेल्यात 500 ग्रॅम पाणी, 40 ग्रॅम तेलाचं मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि हिंग. उकळी फुटताच गॅस बंद करून पीठ घातलं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं आणि झाकण ठेवलं. मोहन पिठाच्या साधारण दशांश पडलं. जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते.

मग मळणं. कोमट पाण्याचं भांडं काट्यावर होतं आणि आजी त्यात हात बुडवत होती. उणे 12, उणे 25, उणे 41. उणे 62ला तिचा हात थांबला.

“आता बास. बघ, चिरा गेल्या.”

नातीनं गोळा दाबून पाहिला. कडेला भेग पडत नव्हती आणि बोटाला चिकटतही नव्हता. सोऱ्यातून पडलेल्या चकलीचे काटे उभे राहिले आणि वेटोळं घालताना तुटली नाही. पीठ घट्ट असतं तर तुटली असती, सैल असतं तर काटे बसून गेले असते.

तळणीतही काट्यानं साथ दिली. 30 ग्रॅमची कच्ची चकली मंद-मध्यम आचेवर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळली, तेव्हा ती 18 ग्रॅम भरली. एक घाणा तेल फार तापल्यावर पडला. रंग लगेच आला म्हणून चकल्या काढल्या, तर त्या 21 ग्रॅमच्या निघाल्या आणि गार झाल्यावर मधोमध मऊ पडल्या. रंग आला तरी पाणी आतच अडकलं होतं. आजीनं तो घाणा मंद आचेवर परत सोडला.

नातीच्या वहीत आता जवळजवळ सगळे आकडे ग्रॅममध्ये आहेत. मळण्याच्या पाण्यापुढे मात्र तिनं 62 लिहून खोडलं. कारण पंधरवड्यानं, पावसाची सर येऊन गेलेल्या दिवशी, डब्यातल्या त्याच भाजणीच्या चकल्या आजीनं पुन्हा केल्या, तेव्हा पीठ 390, उकळीचं पाणी 500 आणि तेल 40 हे सगळं तेवढंच असूनही तिचा हात उणे 44लाच थांबला. डब्यातल्या पिठानं हवेतला ओलावा आधीच घेतला होता. तिथे आता लिहिलं आहे: ‘40 ते 65, कडेच्या चिरा जाईपर्यंत.’