क्युसेकचा इशारा कानाला कळावा म्हणून

खडकवासला धरणातून मुठेत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये (सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर) मोजतात. मात्र नळाच्या धारेवरून बादली किती भरली हे जसे कळत नाही, तसा हा आकडा पाण्याचा एकूण साठा नव्हे, तर केवळ वाहण्याचा दर सांगतो. जुलै २०२४ मध्ये विसर्ग (सोडलेले पाणी) सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला, तेव्हा सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले. नुसता दर ऐकून पाणी आपल्या घरात शिरेल का हे रहिवाशांना कळत नाही. म्हणून ध्वनिक्षेपकावरून ‘विसर्ग वाढविण्यात येणार असल्याने सतर्क राहावे’ असे मोघम न सांगता, ‘एकतानगरीतील रहिवाशांनो, रात्री नऊला नदीचे पाणी वाढेल. आताच घर सोडा. शाळेत जा.’ असे सांगावे. आकडा नंतर यावा.