अंगठा राहूनच जातो

परिचारिकांच्या प्रशिक्षणात हात धुण्याच्या पायऱ्यांची स्लाइड असतेच. पण खरी परीक्षा दिवे मालवल्यावर होते. चमकणारा द्रव मिसळलेलं सॅनिटायझर हातांना चोळायचं आणि हात अतिनील दिव्याखाली धरायचे. द्रव पोचला ती त्वचा चमकते. तळवे लख्ख उजळतात. अंगठे आणि बोटांची टोकं मात्र पुष्कळदा काळीच राहतात. नेमकी हीच टोकं सलाइनच्या नळीला आणि जखमेच्या पट्टीला लागतात.

म्हणून तळवे, हातांची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या झाल्या की एका मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा धरून गोल चोळायचा, मग बोटांची टोकं जुळवून तळव्यावर घासायची. सॅनिटायझर खोलगट तळवा भरेल इतकं घ्यावं आणि सुकेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, चोळावं. दोन थेंबांत भागवलं तर ते अंगठ्यापर्यंत पोचण्याआधीच उडून जातं.

हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवं, ४० ते ६० सेकंद. त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

आणि हातमोजे घातले होते, ही सबब चालत नाही. ते काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच.