संकेतस्थळ हललं, पण उघडतो जुनाच सर्व्हर

समजा, पुण्यातल्या एका फराळवाल्याने आपलं संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं. सोमवारी सकाळी 11 वाजता त्याने `example.com` या डोमेनच्या डीएनएस नोंदीतला आयपी पत्ता `203.0.113.10` वरून `198.51.100.25` केला. दुकानातल्या फोनवर नवं पान दिसू लागलं. रात्री घरच्या वायफायवर मात्र तेच नाव टाकल्यावर जुनं पान, जुन्या दरांसह. असं झालं की बहुतेक जण नोंद पुन्हा पुन्हा बदलून बघतात आणि गुंता वाढवतात. नोंद बरोबर असते. उत्तर देणारा मात्र दुसराच कोणीतरी असतो.

आपला फोन डोमेनची मूळ नोंद पाहायला जात नाही. तो आपल्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे चौकशी करून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर पहिल्यांदा मूळ नेमसर्व्हरपर्यंत जातो, उत्तर आणतो आणि ते स्वतःजवळ जपून ठेवतो. हीच कॅश. जपायचं किती वेळ, हे उत्तरासोबतच लिहिलेलं असतं. त्या आकड्याला टीटीएल म्हणतात आणि तो सेकंदांत असतो. 86400 म्हणजे एक दिवस.

या फराळवाल्याचा टीटीएल तोच होता. घरच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरने सोमवारी 10.50 ला, बदलाच्या दहाच मिनिटं आधी, जुना पत्ता आणला होता. मंगळवारी 10.50 पर्यंत तो कोणाला पुन्हा विचारणार नाही. दुकानातल्या फोनच्या कंपनीने 11.05 ला विचारलं, तिला नवा पत्ता मिळाला. सगळे याला ‘प्रोपगेशन’ म्हणतात आणि नवी नोंद जगभर पसरत चालल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात कोणी कोणाला काही कळवत नसतं. ठिकठिकाणच्या जुन्या प्रती आपापल्या वेळेला बाद होतात, एवढंच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. घरच्या संगणकावर सोमवारी रात्री 11.18 ला `dig example.com A` ही आज्ञा दिली, तर उत्तर असं येईल:

```
example.com.  41520  IN  A  203.0.113.10
```

मधला आकडा म्हणजे प्रतीचं उरलेलं आयुष्य, साडेअकरा तासांहून थोडं जास्त. मिनिटभराने हीच आज्ञा पुन्हा द्या. आकडा साठेकने घटला, तर उत्तर कॅशमधून येतंय, हे नक्की. मग आज्ञेत `@` लावून स्वतःच्या नेमसर्व्हरचं नाव घाला आणि थेट मूळ ठिकाणी विचारा. तिथे नवा पत्ता आला, तर करण्यासारखं काही उरत नाही, थांबायचं. विंडोजवर `ipconfig /flushdns` केल्याने फक्त आपल्या संगणकातली प्रत पुसली जाते. कंपनीच्या रिझॉल्व्हरमधली तशीच राहते.

आता टीटीएल कमी करू, असं अनेकांना सुचतं. उशीर झालेला असतो, कारण बाहेर गेलेल्या प्रतींवर जुना आकडा आधीच बसलेला आहे. हे काम बदलाच्या आधीचं. रविवारी सकाळी 11 च्या आत टीटीएल 300 केला असता, तर सोमवारी 11 पर्यंत एक दिवसाच्या सगळ्या प्रती संपल्या असत्या आणि बदलानंतर जवळपास सगळ्यांना पाचेक मिनिटांत नवा पत्ता मिळाला असता. जवळपास म्हणायचं, कारण काही रिझॉल्व्हर टीटीएलला आपल्या मर्जीची किमान-कमाल मर्यादा लावतात.

नोंद नव्हे, नेमसर्व्हरच बदलला, तर वाट आणखी लांबते. `.com` च्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल 172800, म्हणजे दोन दिवस असतो. ‘48 तास थांबा’ हा होस्टिंगवाल्यांचा सल्ला पूर्णपणे हवेतला नाही. तोवर जुन्या नेमसर्व्हरवरही नवाच पत्ता लिहून ठेवावा.

खरं नुकसान जुन्या पानाचं नसतं. सोमवारी रात्री एखाद्याने चकलीची ऑर्डर दिली, ती जुन्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये पडली आणि नव्याला तिचा पत्ताच नाही. म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करू नये. त्यावर ऑर्डर घेणं थांबवावं किंवा आलेली ऑर्डर नव्याकडे पाठवावी.

आणि दोन दिवस उलटूनही काहींना जुनंच दिसत असेल, तर वाट पाहणं सोडा. बहुधा आयपीव्ही6 ची `AAAA` नोंद बदलायची राहिलेली असते. आयपीव्ही6 वापरणारे फोन ती नोंद घेऊन जुन्या सर्व्हरवर जातात आणि बाकीचे `A` नोंदीने नव्यावर. `dig example.com AAAA` ने ते एका ओळीत दिसतं. ही नोंद चुकीची असेल, तर प्रत संपल्यावर रिझॉल्व्हर पुन्हा तोच जुना पत्ता घेऊन येईल.