रिकाम्या फ्लॅटचे फोटो

विक्रीच्या किंवा भाड्याच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचे, तर रिकामा फ्लॅट भरलेल्या घरापेक्षा सोपा वाटतो, कारण पसारा आवरायचा नसतो. प्रत्यक्षात तोच जास्त अवघड जातो. भरलेल्या खोलीत पलंग, कपाट, खुर्ची अशा ओळखीच्या वस्तू असतात आणि त्यांच्या मापावरून पाहणारा खोलीचा अंदाज बांधतो. रिकाम्या खोलीच्या फोटोत चार भिंती आणि फरशी एवढेच उरते. ती खोली आठ फुटांची आहे की बारा, हे डोळ्याला ठरवता येत नाही. उजेड, कॅमेऱ्याची जागा आणि मांडणी या तिन्ही गोष्टींचे काम एकच : पाहणाऱ्याला खोलीचे खरे माप आणि खरा उजेड कळवणे.

उदाहरणासाठी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके घेऊ. हॉल पंधरा बाय दहा फुटांचा, त्याला पश्चिमेकडे बाल्कनी. बेडरूम दहा बाय दहाची, खिडकी पूर्वेला. स्वयंपाकघर आठ बाय सात, एका भिंतीला ओटा. आधीचे भाडेकरू नुकतेच सोडून गेलेले.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी भिंतींकडे जवळून पाहावे लागते. कपाट होते तिथे रंगाचा गडद चौकोन उमटलेला असतो, देवघराच्या जागी खिळ्यांची भोके आणि काजळीचा पट्टा असतो, शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा थर असतो. सामान असताना हे डाग नजरेआड राहतात. रिकाम्या खोलीच्या फोटोत मात्र नजरेला दुसरे काही नसल्याने ती नेमकी तिथेच जाते. खिळे काढून भोके पुट्टीने बुजवणे, लोंबणाऱ्या वायरी आत घेणे आणि फरशी ओल्या फडक्यानंतर कोरड्या फडक्याने पुसणे, एवढे तरी व्हायलाच हवे. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पोछ्याचे वाळलेले फराटे खिडकीच्या उजेडात स्पष्ट उठून दिसतात.

मग वेळ ठरवायची, आणि ती खोलीच्या दिशेवरून ठरते. ज्या खिडकीतून ऊन थेट आत येत असेल, तिथे त्या वेळी फोटो काढू नये. ऊन फरशीवर पांढरा पट्टा टाकते, खिडकीच्या ग्रिलची सावली जाळीसारखी पसरते आणि बाकीची खोली त्या मानाने काळवंडते. म्हणून आपल्या फ्लॅटमध्ये पश्चिमेचा हॉल सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आणि पूर्वेची बेडरूम दुपारी घ्यावी. दोन्ही खोल्यांत त्या वेळी आकाशाचा मऊ उजेड असतो, ऊन नसते. ढगाळ दिवसही चांगला. पाऊस उघडल्यावरचे पांढरे आभाळ सगळीकडे सारखा प्रकाश देते.

इथे कॅमेऱ्याची एक मर्यादा आडवी येते. खिडकीबाहेरचा प्रकाश खोलीतल्या प्रकाशापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला एका फोटोत ते जमत नाही. खिडकीवर नेम धरला तर खोली अंधारी येते, भिंतीवर धरला तर खिडकी पांढरीफटक होते. यावर उपाय म्हणजे स्टँडवर कॅमेरा न हलवता एकाच चौकटीचे तीन फोटो काढायचे : एक नेहमीच्या उजेडाचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. नंतर ते एकत्र करायचे. फोनमधले एचडीआर हेच काम आपोआप करते. फक्त फोन हातात न धरता स्टँडवर लावला तर फोटो जास्त स्वच्छ येतो. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला तरी हा फरक बराच कमी होतो. पांढऱ्या भिंती आणि पांढरी फरशी असली की आणखी एक गोष्ट घडते. कॅमेरा इतक्या पांढऱ्याला जास्त उजेड समजतो आणि फोटो राखाडी करतो. तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावे लागते.

दिव्यांबाबत बहुतेकांची समजूत उलटी असते. सगळे दिवे लावले की खोली उजळ दिसेल, असे वाटते. पण खिडकीतला उजेड निळसर, एका दिव्याचा पिवळा आणि छतावरच्या एलईडी ट्यूबचा थंड पांढरा, हे तिन्ही एकत्र आले की एकाच भिंतीवर तीन रंगांचे डाग पडतात आणि नंतर कोणतीही दुरुस्ती ते पुरते काढू शकत नाही. दिवसा खिडकी पुरेशी असेल तर दिवे बंदच ठेवावेत. बाथरूमसारख्या जागी, जिथे छोट्या झरोक्याशिवाय काही नसते, तिथे एकाच रंगाचे दिवे लावून स्टँडवरून सेकंदभराचे एक्स्पोजर घ्यावे. समोरून मारलेला फ्लॅश टाइल्सवर पांढरा ठिपका उठवतो आणि मागे काळी सावली टाकतो. दिव्याच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे दिसले, तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवले की पट्टे जातात. रिकाम्या फ्लॅटचे मीटर कधी कधी बंद असते, तेव्हा वीज चालू आहे का हे आदल्या दिवशीच पाहावे.

आता कॅमेऱ्याची जागा. छोटी खोली म्हटली की फोनवरचे 0.5x बटण दाबले जाते. त्यात सगळी खोली मावते खरी, पण समोरची भिंत लांब पळते आणि कडेच्या वस्तू बाहेर ताणल्या जातात. चौकटीच्या टोकाला आलेली खुर्ची जवळजवळ दीडपट रुंद दिसते. दहा फुटांची बेडरूम फोटोत हॉलएवढी वाटते आणि घर पाहायला आलेला माणूस दारातच थबकतो.

खरे तर दहा बाय दहाच्या खोलीला त्याची गरज नसते. चौरस खोलीच्या अगदी कोपऱ्यातून पाहिले, तर समोरच्या दोन्ही भिंती पूर्ण दिसायला नव्वद अंशांचा कोन लागतो. फोनचा नेहमीचा मुख्य कॅमेरा, म्हणजे 1x, आडवा धरल्यावर साधारण सदुसष्ट अंश पाहतो. कोपऱ्यात टेकवलेला फोन खोलीच्या समोरच्या कोपऱ्याकडे रोखला, तर समोरच्या प्रत्येक भिंतीचे दहापैकी सुमारे आठ फूट चौकटीत येतात आणि कॅमेऱ्याकडच्या टोकाचे दोन फूट सुटतात. खोली समजायला एवढे पुरते, शिवाय वस्तूंचे आकार जवळपास खरे राहतात. माणूस कोपऱ्यात मावत नसेल, तर स्टँड कोपऱ्यात लावून टायमर वापरावा. वेगळा कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर 20 ते 24 मिलिमीटरची लेन्स याच कामाची. त्याहून रुंद लेन्स बाथरूमपुरती राखून ठेवावी आणि तिथेही बादली, कमोड चौकटीच्या टोकाला येऊ देऊ नये.

कॅमेरा जमिनीपासून साधारण चार फुटांवर हवा. डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सव्वापाच फुटांवरून, फोन खाली झुकतो. मग भिंतींच्या उभ्या रेषा खाली एकमेकींकडे झुकतात आणि खोली कलंडल्यासारखी दिसते. फोन झुकवायचा नाही, गरज असेल तर स्टँड वर-खाली करायचा. स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा चालू करून दाराची चौकट त्यांच्याशी जुळवली की काम सोपे होते. स्वयंपाकघर तेवढे वेगळे. ओटा तीन फुटांच्या थोडा खाली असतो, म्हणून चार फुटांवरून त्याची वरची बाजू पट्टीएवढीच दिसते. तिथे साडेचार फूट बरे. कोपऱ्यातून घेताना दोन भिंती दाखवाव्यात. तिसरी भिंत चौकटीत शिरली की छोटी खोली डब्यासारखी बंद वाटते. जमेल तिथे एक उघडे दार चौकटीत घ्यावे. हॉलच्या फोटोत बेडरूमचे दार दिसले, तर घराची रचना न सांगता समजते.

मांडणीत सर्वांत जास्त चुका जास्त सामानामुळे होतात. रिकाम्या फ्लॅटमध्ये वस्तू सजावटीसाठी नसून मोजपट्टी म्हणून ठेवायच्या असतात. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये पाच बाय सव्वासहा फुटांचा पलंग डोक्याकडून भिंतीच्या मध्यावर लावला, तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट आणि पायाकडे पावणेचार फूट जागा राहते. हे फोटोत दिसले की घेणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न सुटतो. पायाकडे दोन फूट खोलीचे कपाट ठेवले तर पावणेदोन फूटच उरतात आणि दारे उघडताना अडचण होते. तेव्हा कपाट सरकत्या दारांचे लागेल, हेही कळते. पलंग भाड्याने आणायचा नसेल, तर एकसारख्या उंचीच्या मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हवेची गादी टाकून वरून जमिनीपर्यंत साधी फिकी चादर पसरली तरी चालते. फुलाफुलांची चादर नको, तिच्यामुळे खोली भरल्यासारखी वाटते.

हॉलमध्ये तीन सीटर सोफ्यापेक्षा दोन वेताच्या खुर्च्या आणि चार बाय सहाची सतरंजी पुरे. पाय दिसणाऱ्या फर्निचरखालून फरशी पुढे जाताना दिसते, त्यामुळे जागा तुटत नाही. पडदे छताजवळून जमिनीपर्यंत सोडले तर खोलीची उंची जाणवते. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी ठेवावी. तिच्या शेजारी भाजी चिरायला किती जागा उरते, हे गृहिणीला एका नजरेत समजते. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात काही ठेवू नये. फोटोच्या खालच्या भागात मोकळी फरशी राहिली तरच खोली मोकळी वाटते.

संगणकावर फर्निचर बसवलेले फोटो देता येतात, पण त्या फोटोवरच तसे लिहायला हवे आणि शेजारी त्याच कोनातला रिकाम्या खोलीचा फोटोही हवा. नाहीतर चार फुटांच्या जागेत सहा फुटांचा सोफा सहज बसतो. उजेड सुधारणे, रेषा सरळ करणे चालते. छतावरची ओल, तडा गेलेली टाइल किंवा खिडकीसमोरची शेजारची इमारत फोटोतून पुसणे ही फसवणूक आहे. ओल असेल तर आधी गळती काढून रंग द्यावा आणि मगच फोटो काढावेत.