नवरीची हळद आणि बाळाचं उटणं

लग्नाची हळद पूर्वी घरीच जात्यावर दळली जायची. आता ती पुडीतून येते, म्हणून पहिली पारख हळदीचीच करावी. ती पिवळीधमक दिसावी म्हणून मेटॅनिल यलोसारखा कृत्रिम रंग किंवा शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं, तर ती हळद अंगाला नको आणि स्वयंपाकातही नको.

नवरीच्या चेहऱ्याला आणि हातांना चार चमचे बारीक बेसन, पाव चमचा हळद आणि कालवण्यापुरतं तापवून गार केलेलं दूध पुरतं. लाडवाचं रवाळ बेसन घेऊ नका, त्याचे कण ओरखडतात. बेसन तेल आणि मळ ओढून घेतं, म्हणून चेहरा तजेलदार दिसतो. त्वचेचा मूळ रंग मात्र त्याने बदलत नाही. दहा मिनिटांनी, लेप कडक वाळण्याआधीच, ओल्या हाताने सोडवून धुवावा. वाळलेला लेप खरवडला की त्वचा लाल होते.

खरा घोळ होतो तो वाटीत लिंबू पिळल्यावर. समजा, सकाळी गच्चीवर उन्हात हळद लागली आणि दुसऱ्या दिवशी लग्न आहे. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसातली काही द्रव्यं उन्हाने चेततात. एक-दोन दिवसांत, म्हणजे नेमकी लग्नाच्या वेळी, त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग कित्येक आठवडे जात नाहीत. खाण्याचा सोडाही टाळावा. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. तो तिला कोरडी करतो. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच हळदीच्या दोन-तीन दिवस आधीच उरकावं. आणि तेच मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावं.

हीच वाटी तान्ह्या बाळाकडे वळवू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आजी किंवा मालीश करणाऱ्या मावशी लव जावी म्हणून बेसनाने अंग चोळतात. जन्माची ती लव काही आठवड्या-महिन्यांत आपोआप झडते. चोळण्याने जातं ते बाळाच्या नाजूक त्वचेचं वरचं संरक्षण. अशा सोलवटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेतून बेसनातली, दुधातली प्रथिनं आत शिरली, तर पुढे त्याच पदार्थांची अॅलर्जी होण्याचा धोका वाढतो. कापूर तर बाळाच्या तेलातही नको. तो अंगात शोषला गेला की झटके येऊ शकतात. बाळाला कोमट पाणी पुरे, आणि घड्यांमधला मळ ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्यावा. चोळल्यावर लाल चट्टे उठले किंवा पुरळ आलं, तर त्यावर आणखी हळद न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.