घोड्याचं प्रथिन संपतं, स्वतःचा डीएनए संपत नाही

पावसाळा लागला की लातूर-नांदेडच्या सरकारी रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला शिरेतून प्रतिविष देतात; गावाकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात विषाला पकडणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. त्याच शुद्ध करून कुपीत भरलेल्या असतात. माणूस वाचतो, घरी जातो. पण काही जणांना आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, अंगावर गांधी उठतात, सांधे धरतात, कधी लघवीतून प्रथिन जाऊ लागतं. विष तर केव्हाच संपलेलं असतं. मग हा त्रास कशाचा?

व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या डॉक्टरांनी 1905 साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. घटसर्पासाठी घोड्याचं सीरम टोचलेल्या मुलांमध्ये त्यांना तो दिसला होता. मधले आठ-दहा दिवस कशात जातात, हे त्यांनी ओळखलं: शरीर तेवढ्या वेळात घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध स्वतःच्या अँटीबॉडी बनवतं. त्या तयार झाल्या की रक्तात फिरणाऱ्या घोड्याच्या प्रथिनाला चिकटतात आणि दोघांचे गुंते होतात. हेच इम्यून कॉम्प्लेक्स. ते बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे दाह पेटतो. घोड्याचं प्रथिन संपलं की गुंते बनायचे थांबतात आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस बहुधा बरा होतो.

आता असं समजा, की अँटीबॉडी ज्याला चिकटते ती वस्तू कधी संपतच नाही, कारण ती आपलीच आहे. ल्युपस, म्हणजे एसएलई, हा तसा आजार आहे. त्यात शरीर स्वतःच्या पेशीकेंद्रातल्या घटकांविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. त्यातली सगळ्यात ओळखीची थेट दुहेरी डीएनएवर जाऊन बसते. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, त्यामुळे गुंत्यांना माल कधी कमी पडत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली चोवीस वर्षांची स्त्री डोळ्यांसमोर आणू. ती कुणी विशिष्ट व्यक्ती नाही, पण या आजाराची वाट बरेचदा अशीच असते. चार महिने बोटांचे सांधे दुखतायत. सोयाबीनच्या रानात उन्हात राबलं की गाल लाल होतात. केस गळतात, तोंडात न दुखणारे फोड येतात, बारीक ताप असतो. आधी चिकुनगुनियाचं दुखणं समजून गोळ्या होतात, मग वजन उतरलं म्हणून टीबीची शंका येते. शेवटी पायांवर सूज येते, लघवीला फेस दिसतो, आणि कुणीतरी लघवी तपासतं. ती साधी तपासणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

दिवसाला 150 मिलिग्रॅमच्या आत असावं ते प्रथिन तिच्या लघवीतून 3 ग्रॅम जातंय. एएनए तपासणी जोरदार पॉझिटिव्ह. तेवढ्यावर निदान होत नाही, कारण धडधाकट माणसांतही काहींची एएनए पॉझिटिव्ह येते. पण डीएनएविरुद्धची अँटीबॉडीही खूप वाढलेली आहे. आणि रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांपैकी C3, जे साधारण 90 ते 180 असायला हवं, ते आहे 42. C4, जे 10 ते 40 असावं, ते 4. टीबी किंवा दुसरा संसर्ग असता तर C3 बहुधा वाढलं असतं, कारण दाहाच्या काळात यकृत ते जास्त बनवतं. इथे ते अर्ध्याहून खाली आलंय. म्हणजे ते कुठेतरी खर्च होतंय.

हा खर्च कसा होतो, ते पाहताना मी दरवेळी थक्क होतो. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात निष्क्रिय फिरणाऱ्या प्रथिनांची साखळी. तिच्या टोकाशी C1q हे प्रथिन असतं, एका देठावर सहा कळ्यांचा गुच्छ असावा तसं. एकट्यादुकट्या आयजीजी अँटीबॉडीने ते जागं होत नाही. एका जागी अनेक अँटीबॉडी शेजारी-शेजारी बसल्या, त्याच्या एकाहून अधिक कळ्यांना धरायला जागा मिळाली, तरच ते चाळवतं. इम्यून कॉम्प्लेक्समध्ये नेमकी हीच गर्दी असते. मग C4 आणि C2 चिरले जातात, त्यांच्या तुकड्यांपासून C3 चिरणारं यंत्र बनतं, आणि ते एकेकटं C3 चे कितीतरी रेणू फोडतं. C3 आणि C4 दोन्ही खाली का आली, याचं उत्तर हे. यकृत नवी प्रथिनं बनवतच असतं, पण वापर त्याहून जास्त होतो.

फुटलेल्या C3 चा एक तुकडा गुंत्यावर खुणेसारखा चिकटतो. तांबड्या पेशी ही खूण ओळखतात, गुंता पाठीवर घेतात आणि यकृत-प्लीहेत नेऊन सोडतात. तांबडी पेशी फक्त प्राणवायू वाहते असं आपण शाळेत शिकतो, पण हे कामही तिचंच. ल्युपसमध्ये गुंते इतके होतात की ही वाहतूक पुरी पडत नाही. उरलेले मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात. काही तर तिथेच जुळतात, कारण डीएनएसोबतची हिस्टोन प्रथिनं गाळणीच्या पडद्याला विद्युतभारामुळे चिकटतात. तिथे C5 चा तुकडा पांढऱ्या पेशींना बोलावतो आणि त्यांच्या विकरांनी गाळणी फाटते. बायोप्सीचा एक तुकडा फॉर्मॅलिनऐवजी वेगळ्या द्रवात पाठवला, तर चमकणाऱ्या रंगाखाली आयजीजी, आयजीए, आयजीएम, C3 आणि C1q ही पाचही एकाच जागी उजळलेली दिसतात. ल्युपसची ही ठळक ओळख.

एवढं वाचून कॉम्प्लिमेंटच खलनायक आहे असं वाटेल. मग ते जन्मतः नसलेल्यांना ल्युपस व्हायला नको. प्रत्यक्षात उलट घडतं: C1q जन्मतःच नसलेल्या दुर्मीळ माणसांपैकी बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो. कारण मेलेल्या पेशी ओळखून उचलायला लावणं हेही C1q चंच काम आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. त्या वेळेत उचलल्या नाहीत तर आतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारशक्तीसमोर येतो. उन्हाने आजार भडकण्यामागे हे एक कारण. जे प्रथिन आग भडकवतं, तेच आधी तिचा जळाऊ माल उचलत असतं.

आपल्या रुग्णाला स्टेरॉइड, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू होतं. काही महिन्यांत लघवीतलं प्रथिन अर्ध्या ग्रॅमखाली येतं, डीएनएची अँटीबॉडी उतरते, C3 शंभरावर जातं. C4 मात्र 8 वर अडकून राहतं. म्हणून स्टेरॉइड वाढवायचं का? इथे घाई नको. C4 च्या जनुकाच्या प्रती प्रत्येकाकडे सारख्या नसतात. साधारण दोनपासून सहापर्यंत असू शकतात. ज्यांच्याकडे कमी, त्यांचं C4 आयुष्यभर कमीच राहतं, आणि त्यांनाच ल्युपसचा धोकाही जास्त. लघवी स्वच्छ असेल, C3 टिकून असेल, तर हे 8 आजच्या खर्चाचं नसून जन्मापासूनचं असू शकतं. डॉक्टर त्या एका आकड्याला औषध देत नाहीत. पुढच्या भेटीत लघवी, C3 आणि डीएनएची अँटीबॉडी पुन्हा शेजारी ठेवून पाहतात.